साडेआठचा कॉल कोणाच्या घड्याळाने?

समजा, एका ॲपवर काम करणारी टीम आहे. तपासणी करणारे पुण्यात, डिझाइन करणारे बर्लिनमध्ये आणि बाकीचे सॅन फ्रान्सिस्कोत. आठवड्यातून एकदा सगळ्यांनी तासभर व्हिडिओ कॉलवर भेटायचे ठरले. वेळ ठरली पुण्याची रात्रीची साडेआठ. का, असे विचारले तर उत्तर येते, "तेवढी एकच वेळ सगळ्यांना जमते." हे उत्तर अर्धेच खरे आहे.

कागदावर मांडून बघू. महिने उन्हाळ्याचे धरू, म्हणजे युरोप-अमेरिकेची घड्याळे तासभर पुढे असतानाचे. तिन्ही ठिकाणी ऑफिस सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. पुणे आणि बर्लिन यांचे छान जुळते, कारण बर्लिनचे नऊ म्हणजे पुण्याचे साडेबारा, आणि तिथून सहापर्यंत दोन्ही ऑफिसे उघडी असतात. पुणे आणि सॅन फ्रान्सिस्को यांचे मात्र अजिबात जुळत नाही. पुणे सहाला उठते, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत पहाटेचे साडेपाच झालेले असतात. तिथे नऊ वाजेपर्यंत मध्ये साडेतीन तासांची फट राहते. कोणीतरी उशिरा थांबून नाहीतर कोणीतरी लवकर उठून ती भरायची.

गंमत अशी, की दुसऱ्या बाजूची फट याहून लहान आहे. सॅन फ्रान्सिस्को संध्याकाळी सहाला बंद होते तेव्हा पुण्यात सकाळचे साडेसहा झालेले असतात. नवापर्यंत अडीच तासच उरतात. दोघांचाच प्रश्न असता, तर पुण्याने सकाळी आठला बसावे आणि तिकडच्यांनी संध्याकाळी साडेसातला, फारशी तक्रार कोणाची नसती. पण त्या वेळी बर्लिनमध्ये पहाटेचे साडेचार असतात. म्हणजे पुण्याला रात्री साडेआठला बसवतो तो खरे तर बर्लिनचा माणूस, आणि त्याला बिचाऱ्याला याची कल्पनाही नसते. त्याचा कॉल पाच ते सहा, ऑफिसच्या वेळेतच आटपतो.

तिघांना जागे ठेवणाऱ्या वेळा दोनच उरतात. पहिली संध्याकाळची: पुणे रात्री साडेआठ, बर्लिन संध्याकाळी पाच, सॅन फ्रान्सिस्को सकाळी आठ. दुसरी सकाळची: पुणे साडेदहा, बर्लिन सकाळी सात, सॅन फ्रान्सिस्को आदल्या रात्रीचे दहा. बाकी कुठलाही तास घेतला, तर कोणाची तरी झोप मोडते किंवा पहाट हातची जाते.

आता न्यायाचा प्रश्न. साधा उपाय सुचतो, की एक आठवडा ही वेळ, एक आठवडा ती. दिसायला चोख, पण हिशेब करून पाहिला तर तो चोख निघत नाही. हिशेबासाठी प्रत्येक तासाला त्रासाचे गुण द्यायचे. मी असे देते: ऑफिसच्या वेळेत शून्य, त्याला लागून असलेल्या एका तासाला एक, सकाळी सात ते आठ आणि संध्याकाळी सात ते रात्री दहा या वेळांना दोन, सकाळी सहा ते सात आणि रात्री दहा ते अकराला चार. त्यापलीकडच्या वेळी कॉल ठेवायचाच नाही. आकडे कोणी वेगळे धरेल, पण टीमने ते एकदा एकत्र बसून ठरवले पाहिजेत, आणि वेळ निवडण्याआधी ठरवले पाहिजेत. वेळ निवडून झाल्यावर गुण दिले, की ते हवे तसे वळवता येतात.

या मापाने संध्याकाळच्या कॉलला पुण्याचे दोन गुण होतात, सॅन फ्रान्सिस्कोचा एक, बर्लिनचे शून्य. सकाळच्या कॉलला पुण्याचे शून्य, बर्लिनचे दोन, सॅन फ्रान्सिस्कोचे चार. एकूण त्रास कमीत कमी असावा एवढेच पाहिले, तर संध्याकाळचा कॉल दर वेळी जिंकतो, तीन विरुद्ध सहा. आणि दर आठवड्याला पुण्याचीच रात्र जाते. दोन्ही वेळा आलटून पालटून घेतल्या, तर चार आठवड्यांत पुण्याचे चार, बर्लिनचे चार आणि सॅन फ्रान्सिस्कोचे तब्बल दहा. म्हणजे अन्यायाचा पत्ता बदलला, एवढेच. तीन आठवडे संध्याकाळी आणि एक आठवडा सकाळी असे केले, तर पुणे सहा, सॅन फ्रान्सिस्को सात, बर्लिन दोन. लांबच्या दोघांच्या वाट्याला जवळपास सारखे आले. बर्लिन मध्यभागी आहे, त्याला भूगोलाने दिलेली सवलत कुठल्याही वेळापत्रकाने पूर्ण फिटत नाही. ती दुसऱ्या रूपात वसूल करावी. कॉलची टिपणे लिहिणे, न आलेल्यांना सारांश पाठवणे ही कामे कायमची बर्लिनकडे द्यावीत. ती कोणालाच आवडत नाहीत, म्हणूनच ती चालतात.

वार निवडतानाही असेच एक गणित असते, आणि ते पुष्कळदा चुकते. पुण्याची सोमवारची साडेदहाची सकाळ म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोतल्या रविवार रात्रीचे दहा. आणि पुण्याचा शुक्रवार रात्रीचा साडेआठचा कॉल लांबला, की शनिवारची सुरुवातच त्यात होते. मंगळवार ते गुरुवार हे तीनच वार तिन्ही गावांत निर्विवाद कामाचे ठरतात.

इथवर सगळे उन्हाळ्याचे गणित झाले. खरी गडबड होते ती घड्याळे बदलताना. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे नेतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. युरोपात तेच मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होते. भारतात काहीच बदलत नाही. 2026 मध्ये अमेरिकेचे घड्याळ 8 मार्चला पुढे गेले, युरोपचे 29 मार्चला. मधले तीन आठवडे बर्लिन आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यातले अंतर नऊऐवजी आठ तासांचे होते. परतताना युरोप 25 ऑक्टोबरला आणि अमेरिका 1 नोव्हेंबरला, म्हणजे तिथेही एक आठवडा तसाच.

कॅलेंडरमधला दर आठवड्याचा कॉल हा कुठल्यातरी एका गावाच्या घड्याळाला बांधलेला असतो. बहुतेक वेळा इन्व्हाइट पाठवणाऱ्याच्या. मॅनेजर सॅन फ्रान्सिस्कोत असला, तर कॉलच्या पोटात America/Los_Angeles असे लिहिलेले असते आणि त्याचे सकाळचे आठ वर्षभर आठच राहतात. बर्लिनही थोड्याच दिवसांच्या फरकाने त्याच दिशेने सरकत असल्याने त्याचेही पाच जवळपास वर्षभर पाचच. पुण्याचा कॉल मात्र नोव्हेंबरात आपोआप साडेआठवरून साडेनऊवर जातो आणि साडेदहाला संपतो. कोणी ठरवले नाही, कोणी विचारले नाही. पुण्याचे गुण दोनाचे चार झाले आणि तिकडे कोणाच्या लक्षातही आले नाही. मुंबईने 1906 मध्ये आलेली भारतीय प्रमाणवेळ सहजासहजी मानली नव्हती. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे ती आपले 39 मिनिटे मागचे घड्याळ वापरत होती. आज घड्याळ कोणाचे चालणार हे इन्व्हाइटचा एक कोपरा ठरवतो, आणि तो उघडून पाहायची तसदी कोणी घेत नाही.

उपाय सोपा आहे. संध्याकाळचा कॉल नवा तयार करायचा आणि त्यात वेळेचा पट्टा Asia/Kolkata निवडायचा. मग पुण्याचे साडेआठ हलत नाहीत. हिवाळ्यात बर्लिनला तो संध्याकाळी चारला येतो, तिथे त्रास नाहीच. सॅन फ्रान्सिस्कोला सकाळी सातला येतो, म्हणजे दोन गुण. पुण्याचेही दोन. दोन्ही टोके बरोबरीत आली, म्हणून हिवाळ्यात सकाळच्या कॉलची फारशी गरजच उरत नाही. ठेवायचाच असला, तर पुण्याच्या साडेदहाऐवजी साडेअकराला ठेवावा, नाहीतर बर्लिनला सहाला उठावे लागेल. आणि मार्चचे ते तीन आठवडे व ऑक्टोबरअखेरचा एक आठवडा सकाळचा कॉल घेऊच नये. बर्लिनचे सात पाळले तर सॅन फ्रान्सिस्कोला रात्रीचे अकरा होतात, तिकडचे दहा पाळले तर बर्लिनला पहाटेचे सहा.

सॅन फ्रान्सिस्कोचे लोक "आम्ही हिवाळ्यात सातला का?" म्हणून कुरकुरतील. त्यांना गुणांचा कागद दाखवावा.

हे सगळे गाव एकसंध धरून झाले, आणि माणसे तशी नसतात. रात्री साडेआठ ही पुण्यातल्या एखाद्या एकट्या राहणाऱ्या मुलाला जेवणाआधीची मोकळी वेळ असेल. लहान मुलाच्या आईला तीच वेळ दिवसातली सगळ्यात अडचणीची. गणपतीच्या दहा दिवसांत ती आरतीची वेळ, तेव्हा तो कॉल निमूटपणे रद्द करावा. कॉल घरून घेता येतो का, की त्यासाठी ऑफिसात थांबून रात्री कॅबने जावे लागते, यानेही गुण बदलतात. म्हणून प्रत्येकाला वेगळे, लेखी विचारावे. नको असलेले तास, चालतील ते तास आणि आवडीचे तास. सगळ्यांसमोर "साडेआठ चालेल ना?" असे विचारले, की नवीन लागलेली मुलगी चालेल म्हणणारच. ते उत्तर जमेस धरू नये.

न बोललेली अडचण कॉलमध्ये इतर खुणांनी दिसते. रात्रीच्या बाजूचे कॅमेरे एकेक करून बंद होतात. त्यांचे प्रश्न कॉलमध्ये न येता दुसऱ्या दिवशी चॅटवर येतात. निर्णय जागे असलेल्यांच्या मताने होतात आणि पुण्याला ते रेकॉर्डिंगमधून कळतात. दोन-तीन आठवडे असे दिसले, तर वेळ बदलायला हवी, मग गुण काहीही म्हणोत.

जर्मनीच्या कायद्यातली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. दिवसाचे काम संपल्यावर पुढचे सुरू होईपर्यंत सलग अकरा तासांची विश्रांती. हा नियम बर्लिनच्या माणसाला कायद्याने मिळतो, तो टीमने पुण्यालाही लावावा. साडेदहाला कॉल संपला, तर दुसऱ्या दिवशी साडेनऊच्या आत कोणाचीही मीटिंग नाही. कॅलेंडरमध्ये तेवढी जागा आधीच अडवून ठेवली, की नंतर कोणाशी हुज्जत घालावी लागत नाही.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे तिघांना एकत्र बोलावणेच कमी करणे. बर्लिनची डिझाइन दर आठवड्याला चर्चेत नसतील, तर त्या आठवड्यात पुणे आणि सॅन फ्रान्सिस्को सकाळी आठ-साडेसातची जोडी जमवतील. पुणे आणि बर्लिनचे दुपारीच भागते. तिघांचा कॉल पंधरवड्याला एकदा, तोही कशावर निर्णय घ्यायचा हे दोन दिवस आधी लिहून पाठवल्यावर. लिहिण्यासारखे काही नसेल, तर त्या आठवड्याचा कॉल रद्द.

वेळापत्रक वर्षातून दोनदा, फेब्रुवारीअखेर आणि सप्टेंबरअखेर, पुन्हा मांडावे. घड्याळे हलण्याआधी हातात पुरेसे दिवस असतात आणि गुणांचा जुना कागदही समोर असतो.