तिकिटाचा नाद कधी जडला, कसे ओळखाल?

बाजारच्या दिवशी लॉटरीचे एखादे तिकीट घेणारे पुष्कळ असतात. नंबर लागला नाही की तिकीट फाडून घरी जातात, विषय संपतो. पण काहींचा विषय तिथे संपत नाही. ही मंडळी वेळीच ओळखायला हवीत.

समजा, एकाने सोयाबीनच्या पट्टीतून पुढच्या खरिपाच्या बियाणे-खतासाठी 20 हजार बाजूला ठेवले. आधी तो आठवड्याला 20 रुपयांचे एक तिकीट घ्यायचा. एकदा 500 रुपये लागले आणि हुरूप आला. मार्चपासून रोज दहा तिकिटे सुरू झाली. म्हणजे दिवसाला 200, महिन्याला 6 हजार. मेअखेर 18 हजार गेले, आणि पेरणी तोंडावर! आता तो म्हणतो, "एक मोठा नंबर लागू द्या, सगळं फिटतंय."

हे वाक्य म्हणजेच सर्वांत मोठी खूण. मौज म्हणून खेळणारा गेलेला पैसा सोडून देतो, नाद लागलेला तो काढायला पुन्हा खेळतो. "शेवटचा एकच आकडा हुकला, आता येणारच," असे त्याला वाटते. पण सोडतीला मागची आठवण नसते. काल हुकला म्हणून आज लागण्याची शक्यता तसूभरही वाढत नाही.

बाकीच्या खुणा घरात दिसतात. तिकिटे लपवणे, खर्चाबाबत खोटे बोलणे, उसनवारी करणे, दागिना गहाण टाकणे. खेळ बंद केला की चिडचिड होते, झोप उडते. सोडायचे ठरवूनही दोन-चार दिवसांत पाय पुन्हा तिकडेच वळतात. हा निव्वळ स्वभावाचा दोष नव्हे. वैद्यकशास्त्र याला आजार मानते आणि त्यावर उपचार आहेत.

मग करायचे काय? चारचौघांत पाणउतारा करू नका, त्याने लपवाछपवी वाढते. देणे फेडायला त्याच्या हाती रोख रक्कम देऊ नका. हिशेब मांडून देणेकऱ्याला परस्पर द्या. बियाणे-खताचा पैसा त्याच्या संमतीने घरातल्या दुसऱ्याच्या खात्यावर ठेवा.

जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, मानसोपचार विभागात दाखवा. तिथे औषधापेक्षा बोलण्यावर, समुपदेशनावर भर असतो आणि पुन्हा पुन्हा जावे लागते. जाणे जमत नसेल तर 14416 या क्रमांकावर फोन लावा. ही 2022 साली सुरू झालेली सरकारची 'टेलिमानस' सेवा. ती मोफत आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीत बोलता येते. घरच्यांनीही फोन केला तरी चालतो.

आणि कर्जापायी कुणी "आता जगून काय करू" असे बोलू लागला, तर ते थट्टेवारी नेऊ नका. त्याला एकटे सोडू नका, कीटकनाशकाचे डबे कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.