सिझेरियनची जखम : घरी गेल्यावर काय बघायचं, दवाखान्यात कधी परतायचं?

धुळे : सिझेरियननंतर बाई घरी येते तेव्हा टाके बहुधा चांगलेच दिसतात. जखम चिघळते ती अनेकदा नंतर, पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास. त्या वेळी बाळंतीण साक्री, शिरपूर, शिंदखेड्याच्या एखाद्या गावात असते. त्यामुळे जखमेवर नजर घरच्यांनाच ठेवावी लागते.

डॉक्टरांनी पट्टी काढून आंघोळीची परवानगी दिली, की अंगावरून पाणी गेलं तरी चालतं. जखम चोळू नका. स्वच्छ, धुतलेल्या सुती कापडाने अलगद टिपून कोरडी करा. पोटाची घडी जखमेवर येत असेल तर तिथे घाम साचतो, म्हणून घडी उचलून आतली बाजूही टिपा. हळद, तेल, राख, पावडर काहीच लावू नका. बाळंतिणीला शेक-शेगडी देण्याची आपल्याकडे रीत आहे. पण टाक्यांजवळची कातडी बरेच दिवस बधिर असू शकते, चटका बसला तरी कळत नाही. म्हणून पोटाला शेक नको.

थोडी खाज आणि हालचाल करताना दुखणं, हे चालायचंच. खूण एकच लक्षात ठेवा : दुखणं रोज कालच्यापेक्षा कमी व्हायला हवं.

समजा, चौथ्या दिवशी बाई घरी आली. सहाव्या दिवशी ती बरी होती. आठव्या दिवशी जखम पुन्हा ठणकू लागली आणि एका टोकाला लाली दिसली. अशा वेळी लालीच्या कडेच्या बाहेर, चांगल्या कातडीवर पेनाने रेघ ओढा. लाली रेघेपलीकडे गेली तर ती पसरतेय. पण तेवढ्यासाठी वाट बघत बसू नका. त्याच दिवशी दाखवा. मेडिकलवरून गोळ्या आणून भागत नाही. आत पू साचला असेल तर तो बाहेर काढावाच लागतो.

त्याच दिवशी परत या :
- ताप १००.४ किंवा जास्त, थंडी वाजणे
- पू, घाण वास, वाढती सूज
- टाक्यांची कड उघडणे
- अंगावरून दुर्गंधीयुक्त जाणे

लगेच १०८ ला फोन करा :
- जखमेतून अचानक भरपूर गुलाबी पाणी येणे. आतले टाके सुटल्याची ती खूण असू शकते.
- आतडं बाहेर दिसणे. ते आत ढकलू नका. स्वच्छ ओल्या कापडाने झाका, गुडघे वाकवून झोपवा, खायला-प्यायला देऊ नका.
- दाबूनही न थांबणारा रक्तस्राव, किंवा बाई गळून जाणे, बरळणे.

आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत घरी येतात, त्यांना जखम दाखवायला लाजू नका. आणि परत जाताना, मग ते उपजिल्हा रुग्णालय असो की धुळ्याचं हिरे वैद्यकीय महाविद्यालय, डिस्चार्ज कार्ड सोबत घ्या. कोणतं ऑपरेशन झालं, कोणती औषधं दिली, हे त्यावरूनच कळतं.