अल्ब्युमिन कोणाचे? एका पेप्टाइडचा मास स्पेक्ट्रोमीटरपर्यंतचा प्रवास

यकृताच्या पेशी काचपात्रात वाढवायच्या आणि त्या अल्ब्युमिन बनवतात का ते तपासायचे, हा जगभरच्या प्रयोगशाळांमधला नेहमीचा प्रयोग आहे. त्यासाठी हेप-जी-२ नावाच्या मानवी पेशी वापरतात. पण या पेशी ज्या द्रवात वाढतात, त्यात साधारण दहा टक्के सीरम असते आणि ते येते गायीच्या गर्भातल्या वासराच्या रक्तातून. सीरममध्ये सगळ्यात जास्त असलेल्या प्रथिनांत अल्ब्युमिन येतेच. मग द्रवात अल्ब्युमिन सापडले, तर ते पेशींनी बनवले की आपणच वरून ओतले? माणसाचे आणि गायीचे, दोन्ही अल्ब्युमिन सुमारे ६६ हजार डाल्टनचे. जेलवर दोघांचा पट्टा एकाच ठिकाणी उमटतो. अमिनो आम्लांचा क्रमही जवळजवळ तीन-चतुर्थांश सारखा.

या प्रश्नाचा निकाल मास स्पेक्ट्रोमीटर लावू शकतो. मात्र प्रचलित पद्धतीत हे यंत्र अख्खे प्रथिन पाहतच नाही. प्रथिनाचे लहान तुकडे, म्हणजे पेप्टाइड, करून त्यांचे वस्तुमान मोजले जाते आणि त्यावरून मूळ प्रथिन कोणते याचा निष्कर्ष काढला जातो. LVNELTEFAK हा दहा अमिनो आम्लांचा तुकडा गायीच्या अल्ब्युमिनमधून येतो. माणसाच्या अल्ब्युमिनमध्ये त्याच जागी LVNEVTEFAK आहे. प्रत्येक अक्षर म्हणजे एक अमिनो आम्ल. फरक फक्त पाचव्या अक्षराचा : गायीत ल्यूसीन (L), माणसात व्हॅलीन (V). हे एक अक्षर यंत्राला कसे दिसते, ते आता क्रमाने पाहू.

ट्रिप्सिनची रात्र

अल्ब्युमिनची साखळी घट्ट घडी घातलेली असते आणि १७ डायसल्फाइड बंधांनी जागच्या जागी बांधलेली असते. अशा प्रथिनाच्या आतल्या भागापर्यंत विकर पोहोचत नाही. म्हणून आधी ८ मोलर युरियाने घडी उलगडतात. मग डीटीटी हे रसायन घालून सल्फरचे बंध तोडतात. ते पुन्हा जुळू नयेत म्हणून आयोडोॲसिटामाइड घालून नळी अंधारात ठेवतात, कारण हे रसायन प्रकाशात खराब होते. त्यामुळे प्रत्येक सिस्टीनवर ५७.०२ डाल्टनची भर पडते. ही भर आपणच घातलेली असल्याने पुढे हिशेबात धरायची असते. आपल्या पेप्टाइडमध्ये सिस्टीन नाही, पण साखळीतला त्याच्या लगतचा तुकडा TCVADESHAGCEK आहे. त्यात दोन सिस्टीन आहेत, म्हणून त्याचे वस्तुमान ११४.०४ ने वाढते.

या टप्प्यावर एक चूक सर्रास होते : युरियाचे द्रावण गरम करणे. गरम युरियातून सायनेट तयार होते, ते लायसीनला चिकटते आणि वस्तुमान ४३.००६ ने वाढवते. असे झाकलेले लायसीन ट्रिप्सिन ओळखत नाही, त्यामुळे तिथे कापच पडत नाही.

यानंतर युरिया १ मोलरच्या खाली येईल इतके द्रावण पातळ करतात, सामू ८ च्या आसपास ठेवतात आणि ट्रिप्सिन घालतात. ५० मायक्रोग्रॅम प्रथिनाला साधारण १ मायक्रोग्रॅम ट्रिप्सिन. नळी ३७ अंश सेल्सिअसला रात्रभर राहते. ट्रिप्सिनच्या खोबणीच्या तळाशी ऋण प्रभाराचे ॲस्पार्टेट असते. ते लायसीन (K) आणि आर्जिनीन (R) यांच्या लांब, धन प्रभाराच्या शाखांना ओढून घेते आणि साखळी त्यांच्या लगेच पुढे कापली जाते. पुढचे अमिनो आम्ल प्रोलीन असेल तर सहसा काप पडत नाही. गायीच्या साखळीत …HVK नंतर LVNELTEFAK येते आणि त्याच्या पुढे TCVAD…. दोन्हीकडच्या K नंतर काप पडतो आणि आपला तुकडा मोकळा होतो.

ट्रिप्सिनच का, याला रासायनिक कारण आहे. त्याने कापलेल्या जवळजवळ प्रत्येक तुकड्याच्या शेवटी K किंवा R असते. म्हणजे आम्लात त्याच्या दोन्ही टोकांना धन प्रभार बसतो. असा तुकडा विद्युत क्षेत्रात सहज चालतो आणि फोडला की दोन्ही बाजूंचे भाग प्रभारामुळे दिसतात. सकाळी फॉर्मिक आम्ल घालून सामू ३ च्या खाली आणतात, म्हणजे विकर थांबते. मग कार्बनच्या लांब साखळ्या लावलेल्या भुकटीवर, जिला सी-१८ म्हणतात, पेप्टाइड धरून ठेवून युरिया आणि क्षार धुऊन टाकतात.

दोनदा मोजणी

एका नमुन्यात असे हजारो तुकडे असतात. सगळे एकदम यंत्रात सोडले तर ते एकमेकांना झाकून टाकतील. म्हणून आधी ते केसाइतक्या बारीक, ७५ मायक्रोमीटर व्यासाच्या स्तंभातून जातात. मिनिटाला फक्त ३०० नॅनोलिटरच्या आसपास द्रव वाहतो आणि त्यातले ॲसिटोनायट्राइल हळूहळू वाढवत नेतात. पाण्यात रमणारी पेप्टाइड आधी बाहेर पडतात, तेलकट स्वभावाची नंतर.

स्तंभाच्या टोकाला सुमारे दोन हजार व्होल्ट लावलेले असतात. बाहेर पडणाऱ्या द्रवाचा प्रभारित फवारा होतो, थेंब आटत जातात आणि शेवटी प्रभारित पेप्टाइड एकटे हवेत राहते. हे इलेक्ट्रोस्प्रे तंत्र मोठ्या जैविक रेणूंसाठी विकसित करणाऱ्या जॉन फेन यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

आपले पेप्टाइड यंत्रात शिरते तेव्हा त्याच्यावर दोन प्रोटॉन असतात. त्याचे वस्तुमान ११६२.६२३ डाल्टन. यंत्र वस्तुमान आणि प्रभार यांचे गुणोत्तर मोजते, म्हणून पडद्यावर शिखर दिसते ५८२.३१९ वर. प्रभार दोनच आहे हे कशावरून? कार्बनच्या सुमारे एक टक्का अणूंमध्ये एक न्यूट्रॉन जास्त असतो, म्हणून मुख्य शिखराशेजारी दुसरे शिखर उमटते. ते ५८२.८२१ वर, म्हणजे अर्ध्या एककाने पुढे असते. अंतर अर्धे असेल तर प्रभार दोन, एक तृतीयांश असेल तर तीन. ऑर्बिट्रॅप यंत्रात आयन एका चातीच्या आकाराच्या इलेक्ट्रोडभोवती दोलने घेतात आणि दोलनांच्या वारंवारतेवरून हे गुणोत्तर काढले जाते. अलेक्झांडर माकारोव्ह यांनी विकसित केलेले हे यंत्र २००५ मध्ये बाजारात आले. त्याची चूक दहा लाखात काही भाग इतकीच असते.

मानवी पेप्टाइडचे शिखर असते ५७५.३११ वर. मूळ वस्तुमानातला फरक १४.०१६. पण फक्त या आकड्यावर निकाल देता येत नाही. एक मिथाइल गट चिकटला तरी फरक नेमका तेवढाच पडतो. शिवाय तीच दहा अक्षरे दुसऱ्या कोणत्याही क्रमाने मांडली तरी बेरीज तीच येते. म्हणून दुसरी मोजणी लागते. यंत्र ५८२.३१९ चे आयन तेवढे निवडते, नायट्रोजनच्या रेणूंवर आपटवते आणि फुटलेल्या भागांचे वस्तुमान पुन्हा मोजते.

पेप्टाइड बहुधा दोन अमिनो आम्लांमधल्या बंधाशी फुटते, पण प्रत्येक रेणू वेगळ्या जागी. त्यामुळे शेवटच्या टोकाकडून मोजत गेल्यास जिन्याच्या पायऱ्यांसारखी शिखरे मिळतात : K साठी १४७.११, AK साठी २१८.१५, FAK साठी ३६५.२२, EFAK साठी ४९४.२६, TEFAK साठी ५९५.३१. पुढची पायरी ७०८.३९ वर आहे. अंतर ११३.०८, म्हणजे ल्यूसीन. मानवी पेप्टाइडमध्ये ५९५.३१ पर्यंत सगळे हुबेहूब हेच असते आणि पुढची पायरी ६९४.३८ वर येते. तिथे अंतर ९९.०७, म्हणजे व्हॅलीन. फरक नेमका पाचव्या अक्षरावर आहे हे आता दिसले. मिथाइल गट शेजारच्या ग्लुटामिक आम्लावर असता, तर ही पायरी ६९४.३८ वरच राहिली असती.

एक मर्यादा मात्र या जिन्यालाही आहे. ल्यूसीन आणि आयसोल्यूसीन यांचे वस्तुमान अगदी एकच आहे. ११३.०८ हे अंतर दोघांपैकी कोणाचे, ते या मोजणीतून कळत नाही. ते ज्ञात क्रमावरूनच ठरवावे लागते.

नाव देणे आणि ते तपासणे

तासाभरात यंत्र असे हजारो स्पेक्ट्रम नोंदवते. ते हाताने वाचणे अशक्य, म्हणून संगणक उलट्या बाजूने काम करतो. ज्ञात प्रथिनांचे क्रम घेऊन तो ते ट्रिप्सिनच्या नियमाने कागदावर कापतो, वस्तुमान जुळणारे उमेदवार निवडतो, प्रत्येकाच्या पायऱ्या कुठे यायला हव्यात ते काढतो आणि प्रत्यक्ष स्पेक्ट्रमशी ताडून गुण देतो. १९९४ मध्ये जिमी एंग, ॲश्ली मॅकॉर्मॅक आणि जॉन येट्स यांनी सिक्वेस्ट या प्रणालीने हा मार्ग दाखवला.

इथेच खरी गोम आहे. प्रत्येक स्पेक्ट्रमला यादीतला कोणीतरी सर्वांत जवळचा उमेदवार मिळतोच, मग तो बरोबर असो वा नसो. यादीत फक्त मानवी प्रथिने असतील, तर LVNELTEFAK ला त्याचे खरे नाव मिळूच शकत नाही. म्हणून सीरम वापरलेल्या नमुन्यात गायीची प्रथिने यादीत घालावीच लागतात. आपल्या त्वचेतून गळणारे केराटिन आणि स्वतः ट्रिप्सिनही घालावे लागते.

खोट्या जुळण्या किती, हे मोजण्यासाठी प्रत्येक प्रथिनाचा क्रम उलटा लिहून यादीत मिसळतात. असे उलटे प्रथिन सृष्टीत नसते, म्हणून त्याला जुळलेला प्रत्येक स्पेक्ट्रम चुकीचा. समजा एका गुणमर्यादेच्या वर खऱ्या यादीतल्या १०,००० जुळण्या आहेत आणि उलट्या यादीतल्या १००. तर खऱ्या यादीतही सुमारे १०० खोट्या असणार, म्हणजे चुकीचे प्रमाण एक टक्का. ही मर्यादा सर्वत्र चालते.

पण पेप्टाइडच्या पातळीवर एक टक्का म्हणजे प्रथिनांच्या पातळीवर एक टक्का नव्हे. खऱ्या जुळण्या त्याच त्या प्रथिनांवर गोळा होतात, खोट्या मात्र विखुरतात आणि प्रत्येक खोटी जुळणी बहुधा नवे प्रथिन ‘शोधते’. २०१४ मध्ये बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मेटिक्सचा मोठा सहभाग असलेला मानवी प्रथिनांचा आराखडा प्रसिद्ध झाला. त्याच वेळी जर्मनीतूनही दुसरा आला. दोन्हींमध्ये वास ओळखणारी ग्राहक प्रथिने आढळल्याची नोंद होती, पण नाकाच्या ऊती तपासलेल्याच नव्हत्या. टीकाकारांनी ही विसंगती दाखवली आणि तेव्हापासून प्रथिनांच्या पातळीवरची चूक वेगळी मोजण्याचा आग्रह वाढला.

तुकड्यांवरून प्रथिन ठरवण्यात आणखी एक अडचण आहे. YLYEIAR हे पेप्टाइड गायीच्या आणि माणसाच्या, दोन्ही अल्ब्युमिनमध्ये आहे. ते कितीही स्पष्ट दिसले तरी आपल्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. आणि LVNEVTEFAK दिसले नाही, तर मानवी अल्ब्युमिन नाही असेही म्हणता येत नाही. गायीच्या प्रचंड अल्ब्युमिनच्या गर्दीत क्षीण शिखर दुसऱ्या मोजणीसाठी निवडलेच गेले नसेल. म्हणून जाणकार पेशी धुऊन काही तास सीरमविना द्रवात ठेवतात आणि तो द्रव तपासतात.

तेव्हा असा अहवाल हातात आला तर प्रथिनांची लांबलचक यादी पाहून थांबू नका. प्रत्येक नावामागे फक्त त्याच प्रथिनाची पेप्टाइड किती, यादीत कोणत्या प्राण्यांचे क्रम होते आणि चुकीचे प्रमाण प्रथिनांच्या पातळीवर मोजले का, हे विचारा. अल्ब्युमिन मानवी आहे असे म्हणायचे असेल, तर LVNEVTEFAK सारखे फक्त मानवी क्रमाचे पेप्टाइड पायऱ्यांसह दाखवायला सांगा.