एक्सप्लेनर : यूट्यूबवर शंभर डॉलर दिसतात, मग खात्यात का येत नाहीत?

अमरावती : वऱ्हाडी विनोद, संत्रा बाग, कापसाचे भाव अशा विषयांवर अमरावती-अकोल्यातून व्हिडिओ करणाऱ्यांना पडणारा हा प्रश्न. पैसे बुडालेले नसतात, मध्येच अडकलेले असतात. कुठे, ते पाहू.

पहिला अडथळा १० डॉलरला

अ‍ॅडसेन्स खात्यात १० डॉलर जमले की गुगल घरच्या पत्त्यावर साध्या टपालाने सहा अंकी पिन पाठवते. हा पिन म्हणजे गावाचा पिनकोड नव्हे. पत्र यायला दोन-तीन आठवडे, कधी जास्तही लागतात. चार महिन्यांत पिन भरला नाही तर जाहिराती बंद होतात. त्यामुळे पत्त्यात वॉर्ड, ओळखीची खूण आणि टपाल कार्यालयाचे नाव लिहा. पोस्टमनलाही सांगून ठेवा.

कराची माहिती

जून २०२१ पासून अमेरिकेबाहेरच्या यूट्यूबरनाही अमेरिकेची कर माहिती द्यावी लागते. आपल्याकडे त्यासाठी W-8BEN फॉर्म असतो आणि त्यात पॅन क्रमांक टाकता येतो. तो न भरल्यास जगभरातील एकूण कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. भरला आणि भारत-अमेरिका कर कराराचा लाभ मागितला, तर फक्त अमेरिकेतील प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईवर १५ टक्के.

उदाहरण

समजा, अचलपूरच्या एका बागायतदाराच्या चॅनेलने एप्रिलमध्ये ३८, मेमध्ये ४१ आणि जूनमध्ये ३५ डॉलर कमावले. एकूण ११४. त्यातले अमेरिकेचे फक्त ४. फॉर्म नसेल तर कपात २७ डॉलरच्या वर जाऊ शकते. फॉर्म असेल तर ६० सेंट. प्रेक्षक बहुतेक महाराष्ट्रातलेच असल्याने फरक एवढा मोठा पडतो.

शंभरची मर्यादा दर महिन्याची नाही. शिल्लक पुढे जमत जाते. जूनची अंतिम रक्कम ७ ते १२ जुलैदरम्यान खात्यात दिसेल आणि २१ ते २६ जुलैदरम्यान निघेल. मात्र पिन, कर आणि बँक ही तिन्ही कामे २० जुलैपर्यंत पूर्ण हवीत. २४ जुलैला पूर्ण झाली, तर पैसे ऑगस्टच्या फेरीत जातात.

बँकेत काय अडते?

अ‍ॅडसेन्समधील नाव, पॅनवरील नाव आणि पासबुकवरील नाव वेगळे असले की काम थांबते. वडिलांचे नाव एका ठिकाणी आहे, दुसरीकडे नाही, एवढेही पुरते. पैसे परदेशातून येतात, म्हणून आयएफएससीसोबत स्विफ्ट कोड लागतो. तो प्रत्येक शाखेला नसतो. तुमच्या खात्यासाठी कोणता वापरायचा, हे शाखेत विचारा. पतसंस्थेचे खाते चालत नाही.

नेमके काय बाकी आहे, हे अ‍ॅडसेन्सच्या Payments पानावर वर दिसणाऱ्या सूचनेत लिहिलेले असते. दर महिन्याच्या २० तारखेआधी ते एकदा उघडून पाहा.