दोन पर्याय, एकच मोजपट्टी

सरकारी कार्यालयात खरेदी करायची तर आधी दरपत्रके मागवतात आणि मग त्यांचा ‘तुलनात्मक तक्ता’ तयार होतो. आज तोच तक्ता स्लाइडच्या रूपाने सोसायटीच्या सभेपासून कंपनीच्या बैठकीपर्यंत सगळीकडे पडद्यावर झळकतो. दोन रकाने शेजारी दिसले की पाहणाऱ्याला तुलना निष्पक्ष वाटते. पण ती तशी आहे की नाही, हे डावीकडच्या निकषांच्या ओळी ठरवतात.

एका अभ्यासिकेला ४० छताचे पंखे घ्यायचे आहेत, असे धरू. एक पर्याय ७५ वॉटचा नेहमीचा पंखा, दुसरा ३० वॉटचा बीएलडीसी पंखा. हॉल रोज १० तास, वर्षातले ३०० दिवस चालतो आणि वीज १० रुपये युनिट आहे. साधे पंखे वर्षाला ९,००० युनिट खातील, बीएलडीसी ३,६००. आकडे उदाहरणापुरते असले, तरी बाजारापासून फार दूरचे नाहीत.

बीएलडीसीचा विक्रेता स्लाइड करेल तेव्हा बहुधा अशा ओळी घेईल: किती वॉट, वर्षाचे युनिट, विजेचे बिल, स्टार रेटिंग, रिमोट आहे का. पाचही ओळींत त्याचाच पंखा सरस ठरतो. यातला एकही शब्द खोटा नाही. मात्र पहिल्या चार ओळी एकच गुण चार वेळा सांगतात, आणि पाचव्या ओळीतला प्रश्नच असा आहे की साध्या पंख्यासमोर फुली पडावी. साधा पंखा विकणारा याच्या उलट फक्त खरेदीची किंमत मोठ्या अक्षरांत दाखवेल.

प्रामाणिक स्लाइडवर एका गुणाला एकच ओळ मिळते. ‘रिमोट आहे का’ याऐवजी ‘वेग कसा बदलतो’ असे विचारले, की दोन्ही रकान्यांत खरे उत्तर भरता येते.

| निकष | साधा पंखा | बीएलडीसी पंखा: शिफारस |
|---|---|---|
| ४० पंखे, कर व बसवणीसह (रु.) | ६४,००० | १,२०,००० |
| वर्षाचे वीजबिल (रु.) | ९०,००० | ३६,००० |
| हवा, मिनिटाला घनमीटर | २२० | २२० |
| वेग कसा बदलतो | भिंतीवरचा रेग्युलेटर | रिमोट |
| दुरुस्ती | जवळचा इलेक्ट्रिशियन | बहुधा सेवा केंद्र |

एका ओळीतल्या दोन्ही आकड्यांचे एकक, कालावधी आणि आधार सारखाच हवा. एका बाजूला छापील किंमत आणि दुसऱ्या बाजूला घासाघीस करून मिळालेला भाव ठेवला, तर ती ओळ निकामी होते. माहिती मिळाली नसेल तर तसे स्पष्ट लिहावे, कारण रिकामा चौकोन लोक ‘नाही’ असाच वाचतात. हवेच्या ओळीत दोन्ही पंखे सारखे आहेत, तरी ती ओळ ठेवायची. कमी वॉटचा पंखा वारा कमी देतो का, ही शंका सभेत कोणीतरी काढणारच.

शेवटच्या दोन ओळी शिफारशीच्या विरोधात जातात. साध्या पंख्याचा कपॅसिटर थोडक्या पैशांत कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन बदलून देतो. बीएलडीसीचा सर्किट बोर्ड गेला तर बहुधा सेवा केंद्रच गाठावे लागते. भिंतीवरचे जुने रेग्युलेटरही त्याला सहसा चालत नाहीत, आणि एकाच बनावटीचे पंखे जवळजवळ असतील तर एका रिमोटने शेजारचा पंखाही बदलू शकतो. या ओळी गाळल्या आणि सभेत कोणी हाच मुद्दा काढला, तर वरच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

शिफारस ठळक असावी, पण तिने तुलना झाकू नये. सुचवलेल्या रकान्यामागे हलका रंग आणि माथ्यावर ‘शिफारस’ हा शब्द एवढे पुरते. अक्षरांचा आकार दोन्हीकडे एकच ठेवावा. नुसत्या रंगावर विसंबू नये, कारण प्रोजेक्टरवर फिकट छटा धुऊन जातात आणि काहींना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही. स्लाइडचे शीर्षक ‘पंख्यांची तुलना’ एवढेच न ठेवता निर्णय सांगणारे हवे: ‘बीएलडीसी घ्यावेत, जादा ५६,००० रुपये साधारण वर्षभरात सुटतात.’

तळाशी आणखी एक वाक्य लागते: ही शिफारस कधी बदलेल? हॉल रोज दोनच तास चालणार असेल, तर वर्षाची बचत ५४,००० वरून १०,८०० रुपयांवर येते आणि जादा खर्च सुटायला पाच वर्षांहून अधिक लागतात. तेव्हा साध्या पंख्याची बाजू वरचढ ठरू शकते.

स्लाइड सभेत मांडण्याआधी दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने असलेल्या सभासदाला दाखवा आणि कोणती ओळ राहिली, एवढेच विचारा. तो सांगेल ती ओळ दोन्ही रकान्यांत भरा आणि मगच शिफारशीचा रकाना रंगवा.