‘आय विश यू आर वेल’मध्ये चुकतं ते काय?

ऑफिसच्या ई-मेलमध्ये, आजारी सहकाऱ्याला पाठवलेल्या मेसेजमध्ये, परदेशातल्या ओळखीच्यांना लिहिलेल्या चार ओळींत ‘आय विश यू आर वेल’ हे वाक्य आपल्याकडे हमखास सापडतं. लिहिणाऱ्याला फक्त खुशाली विचारायची असते आणि वाचणाऱ्यालाही ते कळतं. मात्र इंग्रजी ज्याच्या कानावर लहानपणापासून पडलेलं आहे, तो ‘आर’पाशी जरा अडखळतो. ‘विश’ ऐकल्यावर पुढे वेगळंच काही येणार, अशी त्याच्या कानाची तयारी झालेली असते.

हे वाक्य जन्मतं कसं, ते पाहण्यासारखं आहे. ‘आय होप यू आर वेल’ आणि ‘आय विश यू वेल’ ही दोन्ही वाक्यं अगदी बरोबर आहेत. पहिल्याचा अर्थ ‘तुम्ही बरे असाल’, दुसऱ्याचा ‘तुमचं भलं होवो’. पहिलं पत्राच्या सुरुवातीला शोभतं, दुसरं बहुधा निरोप देताना, म्हणजे कुणी नोकरी सोडून चाललं असेल तर. आपण एकाची मान दुसऱ्याच्या धडावर बसवतो. त्यात इच्छा म्हणजे ‘विश’ आणि आशा म्हणजे ‘होप’ असं शाळेपासून पाठ झालेलं. शिवाय ‘शुभेच्छा’ या शब्दात इच्छा आहेच. मग ‘तुम्ही बरे असावेत अशी इच्छा’ हे मनातल्या मनात शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत उतरतं आणि ‘विश’ येऊन बसतो.

आता ‘विश’चा स्वभाव बघू. त्याच्यापुढे माणूस आणि एखादी चांगली गोष्ट ठेवली, की तो निव्वळ शुभेच्छा देतो: ‘आय विश यू अ हॅपी बर्थडे’, ‘आय विश यू गुड हेल्थ’. इथे क्रियापद नाही, त्यामुळे काळाची भानगडही नाही. पण त्याच्यापुढे कर्ता-क्रियापद असलेलं अख्खं वाक्य जोडलं, की तो रंग बदलतो. मग तो शुभेच्छा देत नाही, हळहळतो. जे नाही, ते असतं तर बरं झालं असतं, असं तो सांगतो.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. घरात कार्य असतं, सगळे जमलेले असतात आणि कुणीतरी म्हणतं, ‘आज बाबा असायला हवे होते.’ गोष्ट आजची, पण क्रियापद ‘होते’. हा भूतकाळ कालचं काही सांगत नाही. बाबा आज नाहीत, एवढंच तो सांगतो. इंग्रजीही हीच युक्ती वापरतं. ‘आय विश डॅड वेअर हिअर.’ ‘इज’च्या जागी ‘वेअर’ आलं, की गोष्ट वास्तवात नाही हे कळतं. सहलीला गेलेले इंग्रज घरी पाठवायच्या पोस्टकार्डावर ‘विश यू वेअर हिअर’ लिहीत, ते याच अर्थानं: मजा चाललीय, तू मात्र इथे नाहीस. पिंक फ्लॉइडच्या १९७५च्या अल्बमचं नावही हेच आहे. बँडपासून दुरावलेल्या सिड बॅरेटची आठवण त्यात आहे. तिथे ‘होप’ घातला असता, तर तो कदाचित दाराबाहेर उभा असेल, असा अर्थ झाला असता.

‘होप’मध्ये दार उघडं असतं. पलीकडचा माणूस बरा आहे की नाही हे मला ठाऊक नाही, पण असेल असं वाटतं. मराठीत हे काम ‘असाल’ करतो. ‘तुम्ही बरे असाल’मध्ये भविष्यकाळाचं रूप आहे, पण बोलणं आत्ताचं आणि अंदाजाचं आहे. इंग्रजीत त्याच जागी साधा वर्तमानकाळ चालतो, म्हणून ‘होप यू आर’.

खरी गंमत पुढे आहे. समजा, नाशिकच्या एका कारखान्यात निर्यात विभागात काम करणाऱ्या बाई परदेशी ग्राहकाला पत्र लिहितायत. पहिली ओळ ‘आय विश यू आर वेल’. व्याकरण पक्कं असलेला शेजारचा सहकारी म्हणतो, “ताई, ‘विश’नंतर ‘वेअर’ येतं.” ताई दुरुस्ती करतात: ‘आय विश यू वेअर वेल’. व्याकरण आता निर्दोष आहे आणि अर्थाचा पार विचका झाला आहे. ठणठणीत ग्राहकाला पत्र सांगतंय, ‘तुम्ही बरे असतात तर किती बरं झालं असतं!’ आधीच्या वाक्यात चूक दिसत होती, म्हणून वाचणाऱ्यानं ती पोटात घातली असती. या वाक्यात चूक दिसत नाही, त्यामुळे ‘मी आजारी आहे असं यांना कुणी सांगितलं?’ असा प्रश्न त्याला पडतो. माझ्या मते ‘आर’वाली चूक परवडली. इथे काळ बदलून भागत नाही. एक तर ‘विश’ काढून ‘होप’ घालायचा, नाहीतर ‘आर’ गाळायचा.

आजारी माणसाला लिहिताना तर आणखी एक खड्डा आहे. ‘आय विश यू गेट वेल सून’ हे ऑफिसच्या ग्रुपवर रोज दिसतं. ते सुधारायला म्हणून कुणी ‘वुड’ घालतो: ‘आय विश यू वुड गेट वेल सून’. आता ‘विश’ आणि ‘वुड’ एकत्र आले, की बहुतेक वेळा वैताग डोकावतो. ‘आय विश यू वुड स्टॉप स्मोकिंग’ म्हणजे ‘सोड की रे एकदाची ती सिगारेट’. त्याच चालीवर आपल्या रुग्णाला ऐकू येतं, ‘बरा हो की एकदाचा!’ तापानं फणफणलेल्या माणसाला हे कोण म्हणेल? त्याला ‘आय होप यू गेट वेल सून’ लिहावं, किंवा ‘आय विश यू अ स्पीडी रिकव्हरी’. यातलं ‘अ’ विसरू नये. आणि ‘आय होप यू अ स्पीडी रिकव्हरी’ मात्र लिहू नये, कारण माणूस आणि वस्तू अशी जोडी ‘होप’ला चालत नाही.

हे नियम इंग्रजीत कायम असेच होते असंही नाही. १६११च्या किंग जेम्स बायबलमध्ये योहानाचं तिसरं पत्र उघडून बघा. तेही खुशालीनंच सुरू होतं, आणि तिथे ‘विश’नंतर पूर्ण वाक्य येऊनही अर्थ शुभेच्छेचाच आहे. फरक एवढाच, की क्रियापदाला ‘मे’ची जोड आहे, म्हणजे आपल्या ‘असावेत’सारखं रूप. मूळ ग्रीक क्रियापदात इच्छा आणि प्रार्थना दोन्ही आहेत. अनेक आधुनिक इंग्रजी भाषांतरांनी तिथला ‘विश’ काढून ‘प्रे’ घातला, कारण आजच्या कानाला तो जुना ‘विश’ पटत नाही. ‘तुम्ही बरे असावेत अशी इच्छा’ हे आपलं वाक्य चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत बऱ्यापैकी खपून गेलं असतं. आज जुनं वळण म्हणून कुणी तसं लिहिलंच, तरी त्यात ‘आर’ बसणार नाही.

तेव्हा पुढच्या वेळी पत्र लिहिताना ‘विश’पुढे काय आलंय तेवढं पाहा. चांगली गोष्ट आली असेल, तर बेलाशक पाठवा. अख्खं वाक्य आलं असेल आणि तुम्हाला हळहळायचं नसेल, तर ‘होप’ लिहा.