टिपच्या डब्याचा हिशेब

अनेक रेस्टॉरंटमध्ये गिऱ्हाइकाने दिलेली टिप वेटरच्या खिशात न जाता गल्ल्याजवळच्या डब्यात पडते. कार्डाने किंवा यूपीआयने आलेली टिपही त्याच हिशेबात धरली जाते आणि दिवसाच्या किंवा आठवड्याच्या शेवटी सगळी रक्कम कामगारांमध्ये वाटली जाते. यामागचे कारण उघड आहे. टेबलाशी वेटर उभा असला तरी टेबल पुसणारा हेल्पर, मोरीवर भांडी घासणारा आणि ऑर्डरी सांभाळणारा कॅप्टन यांच्यावाचून ती सेवा पुरी होत नाही. वाद होतो तो वाटणीवरून.

सगळ्यांना समान वाटा देणे सोपे असते, पण त्यात तीस तास राबलेला आणि पन्नास तास राबलेला एकाच मापाने मोजला जातो. नुसत्या तासांवर वाटावे, तर गिऱ्हाइकाची जबाबदारी घेणारा आणि दोन आठवड्यांपूर्वी कामाला लागलेला हेल्पर यांचा तासाचा दर एकच होतो. म्हणून तास आणि काम दोन्ही धरणारी पॉइंटची पद्धत वापरतात. प्रत्येक कामाला एक भारांक ठरवायचा. वेटरचा भारांक 1 धरला, तर बाकीच्यांचे त्याच्या तुलनेत ठरतात. कामाचे तास गुणिले भारांक म्हणजे त्या माणसाचे पॉइंट. डब्यातली रक्कम सर्वांच्या एकूण पॉइंटने भागली की एका पॉइंटचा दर निघतो आणि त्या दराने ज्याचा त्याचा वाटा ठरतो.

समजा, एका लहान रेस्टॉरंटमध्ये आठवड्याची टिप 8,200 रुपये जमली आणि वाटेकरी पाच आहेत.

| काम | तास | भारांक | पॉइंट | वाटा (रु.) |
|---|---|---|---|---|
| कॅप्टन | 48 | 1.25 | 60 | 2,733.33 |
| पहिला वेटर | 50 | 1 | 50 | 2,277.78 |
| दुसरा वेटर | 30 | 1 | 30 | 1,366.67 |
| हेल्पर | 48 | 0.5 | 24 | 1,093.33 |
| मोरीवाला | 40 | 0.4 | 16 | 728.89 |

एकूण पॉइंट 180, म्हणजे एका पॉइंटला साधारण 45 रुपये 56 पैसे. दोन्ही वेटरांचा तासाचा दर सारखाच आहे, फरक फक्त तासांचा. नुसत्या तासांवर वाटणी केली असती, तर कॅप्टनला सुमारे 1,822 आणि मोरीवाल्याला 1,519 रुपये मिळाले असते. भारांक धरून तास सोडले असते, तर दोन्ही वेटरांच्या हाती सारखेच 1,976 रुपये पडले असते.

प्रत्यक्ष वाटताना पैशांचे तुकडे अडचणीचे ठरतात. रोख रक्कम दहाच्या पटीत द्यायची असेल, तर आधी प्रत्येकाचा वाटा खालच्या दहापर्यंत उतरवावा: 2,730, 2,270, 1,360, 1,090 आणि 720. बेरीज 8,170 होते, म्हणजे 30 रुपये उरतात. ज्यांची कापलेली रक्कम सर्वांत मोठी, त्यांना ते दहा-दहाने द्यायचे. इथे मोरीवाल्याचे 8.89, पहिल्या वेटरचे 7.78 आणि दुसऱ्या वेटरचे 6.67 रुपये कापले गेले होते, म्हणून ते तिघे 730, 2,280 आणि 1,370 घेतात आणि डबा पूर्ण रिकामा होतो. प्रत्येकाचा वाटा आपापला जवळच्या दहापर्यंत नेला, तर एखाद्या आठवड्यात बेरीज डब्यातल्या रकमेपेक्षा जास्त होते आणि फरक कोणी भरायचा हा प्रश्न उभा राहतो.

भारांकांमध्ये महत्त्व असते ते परस्पर प्रमाणाला. 1 आणि 0.5 ऐवजी 10 आणि 5 लिहिले, सगळेच आकडे दहापट केले, तरी वाटणी तीच राहते. मात्र एकाच कामाचा भारांक बदलला की त्याचा पैसा इतरांच्या वाट्यातून येतो. वरच्या उदाहरणात हेल्परचा भारांक 0.5 वरून 0.75 केला, तर एकूण पॉइंट 192 होतात. हेल्परला सुमारे 1,538 रुपये मिळतात, पण कॅप्टनचा वाटा 2,733 वरून जवळपास 2,563 वर येतो. म्हणून भारांक वाटणीच्या दिवशी न बदलता आधी, सर्वांसमोर ठरवावे लागतात. एकाच आठवड्यात कोणी दोन कामे केली असतील, तर तास वेगळे मांडावेत: 36 तास हेल्पर आणि 12 तास वेटर असलेल्याचे पॉइंट 18 अधिक 12, म्हणजे 30.

पॉइंटऐवजी काही ठिकाणी प्रत्येक कामाला ठरावीक टक्केवारी देतात, उदाहरणार्थ सगळ्या वेटरांना मिळून 60 टक्के. मग एक वेटर वाढला, तर त्याचा भार फक्त वेटरांवर पडतो. हेल्परांचा वाटा जसाच्या तसा राहतो. पॉइंटच्या पद्धतीत नव्या माणसाचा भार सगळ्यांवर विभागला जातो. माणसे सतत कमीजास्त होणाऱ्या ठिकाणी हा फरक लवकर जाणवतो.

डबा किती काळाचा धरायचा, यावरही वाटणी बदलते. समजा शनिवारी रात्री 3,000 रुपये जमले आणि त्या पाळीचे पॉइंट 40 होते, तर दर 75 रुपये. मंगळवारी दुपारी 400 रुपये आणि 20 पॉइंट, तर दर 20. पाच तास काम केलेल्या वेटरला शनिवारी 375 आणि मंगळवारी 100 रुपये मिळतील. दोन्ही पाळ्या एकत्र केल्या, तर दर सुमारे 56.67 होतो आणि दोघांनाही 283 मिळतात. गर्दीच्या रात्री झिजणाऱ्याला पाळीवार हिशेब बरा वाटतो. आठवड्याच्या हिशेबात नशिबाचा चढउतार कमी होतो आणि लिखापढीही थोडी होते. पाळ्या सर्वांना आलटूनपालटून मिळत असतील तर आठवड्याचा हिशेब चालतो. ठरावीक लोकांनाच गर्दीच्या पाळ्या लागत असतील तर पाळीवार हिशेब न्याय्य ठरतो.

सर्वांत जास्त चुका तासांच्या नोंदीत होतात. 7 तास 30 मिनिटे हे 7.30 नव्हे, तर 7.5 तास असतात आणि 7 तास 45 मिनिटे म्हणजे 7.75. मिनिटे 60 ने न भागता तशीच लिहिली, तर 7.45 होऊन माणसाचे 18 मिनिटांचे पॉइंट बुडतात. जेवणाची सुट्टी तासांत धरायची की नाही, हेही सर्वांना एकच ठरवून घ्यावे लागते.

वाटेकरी कोण, हा प्रश्न उरतो. अमेरिकेत 2018 च्या केंद्रीय कायद्याने मालक, मॅनेजर आणि सुपरवायझर यांना कामगारांच्या टिपमधून वाटा घेण्यास मनाई केली. ब्रिटनमध्ये 1 ऑक्टोबर 2024 पासून टिप वाटपाबाबत लेखी धोरण ठेवणे आणि टिप पूर्णपणे कामगारांना देणे मालकांवर बंधनकारक आहे. बिलावर छापलेला सेवा शुल्क ही वेगळी बाब आहे. तो आपोआप बिलात लावू नये, असे भारताच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये सांगितले. गिऱ्हाइकाने स्वखुशीने दिलेली टिप हीच डब्याची रक्कम.

हिशेब बरोबर आहे का, हे दोन तपासण्यांनी कळते. सगळ्यांच्या वाट्यांची बेरीज डब्यातल्या रकमेइतकी भरली पाहिजे. आणि प्रत्येकाचा वाटा त्याच्या पॉइंटने भागला, तर पूर्णांक करताना आलेला किरकोळ फरक सोडून सगळीकडे तोच दर निघाला पाहिजे. एखाद्याचा दर वेगळा आला, तर त्याचे तास किंवा भारांक चुकीचे चढले आहेत.